लग्नाच्या फोटोतला मेकअप उतरवताना

आज डोकं फिरलंय म्हणून लिहायलोय. लांब होईल, पण वाचा. विशेषतः आपल्या अंबाजोगाई, केज, परळी भागातल्या स्टुडिओवाल्या मित्रांनी.

सकाळी केज रोडवरच्या एका गावातून एक मावशी दुकानात आल्या, सोबत धाकटा मुलगा. पिशवीतून पेपरात गुंडाळलेली फ्रेम काढली. लेक वारली, पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध. मोठा करण्यासारखा फोटो एकच, तो लग्नातला. त्यात मेकअप फार, म्हणून यांनी एका स्टुडिओत सांगितलं होतं की रोजच्यासारखी दिसू द्या. त्यांनी करून दिलेली फ्रेम मावशींनी काउंटरवर ठेवली अन् म्हणाल्या, "दादा, ही माझी लेक न्हाई. ही कोण हाय?"

ओठ राखाडी. पापण्या पार गायब. गाल मेणासारखे गुळगुळीत. आणि रंग लग्नातल्यापेक्षाही गोरा! अरे, त्या माउलीनं मेकअप कमी करा म्हणून सांगितलं होतं, लेकीला गोरी करा म्हणून नाही. ऊसतोडीला जाणारं लेकरू ते. फडातल्या उन्हात रापलेला चेहरा. तोच चेहरा आईला परत पाहिजे होता.

यात चुकतं कुठं ते सांगतो, कारण हे रोज बघायलोय.

पहिली गोष्ट फाउंडेशन. ओठांना आधी हात लावायचाच नाही, कारण ओठांचा रंग बरोबर की चूक हे शेजारच्या कातडीवरून कळतं. आता त्वचेचा खरा रंग घ्यायचा कुठून? बहुतेक जण हनुवटीखालच्या मानेवरून घेतात. तिथं जबड्याची सावली असते, शिवाय ब्यूटीशियननं मानेलाही फाउंडेशन लावलेलं असतं. हातावर मेंदी, त्यात आदल्या दिवशीच्या हळदीचा पिवळेपणा. या फोटोत मला दोनच जागा कामाच्या सापडल्या. एक कानाची पाळी, कारण तिथं ब्रश पोचत नाही. दुसरी ब्लाउजच्या बाहीखालचा दंड. पण दंड रोज झाकलेला असतो, तो उजळच राहतो. उन्हात काम करणाऱ्या बाईचा चेहरा दंडापेक्षा एक-दोन छटा सावळा असणार, हे धरूनच चालायचं.

म्हणून मी मावशींना विचारलं, दुसरा कसलाही फोटो आहे का. मुलानं मोबाईल काढला. खुरपताना काढलेला, हललेला, बारका फोटो. मोठा करायच्या कामाचा नाही, पण मला सोनं मिळालं. डाव्या गालावर बारीक तीळ होता, लग्नाच्या फोटोत तो फाउंडेशनखाली गेलेला. वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद. डोळ्यांखाली आणि तोंडाच्या कडेला रंग जरा दाट. फाउंडेशन नेमकं हेच मारतं, सगळा चेहरा एका रंगाचा करतं. त्यामुळं नुसता सगळा चेहरा सावळा करून भागत नाही. कर्व्ह्जच्या लेयरनं आधी एकूण उजेड खाली आणायचा, मग मास्कवर मऊ ब्रशनं, फ्लो दहाच्या आसपास ठेवून, कपाळाच्या कडा, डोळ्यांखालचा भाग, ओठांभोवतालचा भाग थोडा थोडा गडद करत जायचा. गालाचं हाड अन् नाकाचा शेंडा मागं सोडायचा. हायलायटरची चकाकी क्लोन स्टॅम्प 'डार्कन' मोडमध्ये ठेवून, कमी ओपॅसिटीनं दाबायची.

आणि ब्लर करू नका रे बाबांनो! रंध्रं आधीच फाउंडेशननं बुजवलेली असतात. राहिलेली तुम्ही बुजवता. उलट तिथं पोत परत आणावा लागतो, कपाळाच्या कडेला जिथं थर पातळ असतो तिथून उचलून. तेही नसेल तर एक-दोन टक्के नॉइज टाका. खाली खरं काय होतं ते फोटोत नोंदलेलंच नसतं, ते कुणालाच परत आणता येत नाही. म्हणून तर दुसरा फोटो मागायचा.

हां, मान्य, बरीच गिऱ्हाइकं स्वतःच म्हणतात की जरा उजळ करा. पण ही बाई म्हणली नव्हती. तिनं नेमकं उलटं सांगितलं होतं. तुम्ही ऐकलंच नाही.

आता ओठ. त्या स्टुडिओनं काय केलं असेल ते मला न बघता कळलं. लाल रंग धरला आणि सॅच्युरेशन पार खाली ओढलं. गडद लालमधून रंग काढला की राखाडी उरतो, आणि गव्हाळ कातडीशेजारी तो राखाडी निळसर दिसतो. गेलेल्या पोरीच्या फोटोत निळे ओठ! आईला काय दिसलं असेल याचा विचार तरी करा. सॅच्युरेशन थोडंच कमी करायचं, ह्यू लालकडून तपकिरीकडं सरकवायचा, वर 'कलर' मोडच्या लेयरवर फिक्या तपकिरी-गुलाबीचा हात अर्ध्या ओपॅसिटीनं द्यायचा. वरचा ओठ गडदच ठेवायचा. लिपलायनरनं ओठाची कड बाहेर काढलेली असते, ती क्लोननं आत घ्यायची आणि मऊ करायची. रोजच्या ओठाला एवढी धारदार कड नसते.

पापण्यांचंही तेच. खोट्या पापण्या पुसायच्या म्हणून सगळ्याच पुसल्या, तर डोळा सुजल्यासारखा दिसतो. टोकं कापायची. वरच्या पापणीची कातडी घेऊन केसांची टोकं झाकत यायचं, मुळाकडचा तिसरा हिस्सा ठेवायचा, मधले काही केस काढून विरळ करायचं. खोट्या पापणीची चिकटवलेली पट्टी आणि लायनर मिळून जी जाड काळी रेघ होते ती 'लाइटन' मोडमध्ये तपकिरी करत बारीक करायची.

खालचं काजळही काढणार होतो मी, तर मावशी म्हणाल्या, "ते राहू द्या. काजळाबिगर ती कधी घराभाईर पडली न्हाई." ठेवलं. त्या लेकराचा मोकळा चेहरा म्हणजे काजळ आणि टिकली धरूनच. हे फोटोशॉपला माहीत नसतं, आईला माहीत असतं. विचारायला कितीसा वेळ लागतो?

झाल्यावर तपासायचं कसं? सगळ्यात वर एक कृष्णधवल लेयर टाका. जबड्याच्या कडेला उजेडाची पायरी दिसली तर चेहरा अजून मानेपासून सुटलाय. मग फोटो अंगठ्याएवढा करून बघा. आधी नजर ओठांवर किंवा डोळ्यांवर गेली तर मेकअप अजून शिल्लक आहे.

ब्यूटीशियन बायांवर राग नाही माझा. मंडपातल्या फ्लॅशसमोर आणि व्हिडिओच्या लाइटखाली हलका मेकअप टिकत नाही, दाट लावावाच लागतो. त्यांनी त्यांचं काम केलं. राग आहे तो दहा मिनिटांत अॅपवर बोट फिरवून पैसे घेणाऱ्यांवर. आणि लिहिता लिहिता तोही थोडा उतरलाय, कारण ती फ्रेम करणाऱ्या पोरालाही कुणी शिकवलं नसेल. त्यानं यावं दुकानात, मी बसून दाखवतो. पैसे नकोत.

घरच्यांना एकच सांगणं. असं काम द्यायचं असेल तर व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो देऊ नका. त्यात फोटो दाबला जातो, कातडीचा पोत आणि पापण्यांचे केस आधी जातात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याहून बरं म्हणजे लग्नाच्या फोटोग्राफरकडं पेन ड्राइव्ह घेऊन जा आणि मूळ फाईल मागा. जागा नाही म्हणून बरेच जण जुनी लग्नं डिलीट करतात, त्यामुळं आजच जा. सोबत साधा, घरातला, कसलाही फोटो आणा. हललेला असला तरी चालेल.