पत्रावर चाळीस, हातात किती?

शनिवारी रात्री मिरजेच्या कट्ट्यावर सचिनने दोन ऑफर लेटरं पुढे केली. दोन्ही एमआरच्या, म्हणजे औषध कंपनीचा माल डॉक्टरांकडे फिरून खपवायच्या नोकऱ्या, हेडक्वार्टर मिरजच. पहिली महिना 40 हजारांची: फिक्स 24, इन्सेंटिव्ह 16. दुसरी 32 हजारांची: फिक्स 28, इन्सेंटिव्ह 4.

"आठ हजारांचा फरक आहे, विचार कसला करतोस?" अजय म्हणाला. तो कर्जं विकतो, टार्गेट त्याला नवं नाही.

मी या धंद्यात बारा वर्षं बॅग उचलतोय, म्हणून आधी पहिलीचं टार्गेट विचारलं. महिना साडेचार लाख. तिमाहीत 90 टक्के झालं तरच इन्सेंटिव्ह.

"आणि आत्ता खपतं किती?"

सचिन स्टॉकिस्टकडे जाऊन आला होता, हे त्याने फार चांगलं केलं. स्टॉकिस्टकडून दुकानांत महिन्याला तीनच लाखांचा माल जातो आणि गोडाऊनला सात लाखांचा पडून आहे. आधीच्या पोराने महिनाअखेरीला माल भरून आकडे दाखवले होते. कंपनी मोजते ती स्टॉकिस्टला गेलेली विक्री. आता स्टॉकिस्ट साठा साडेचार लाखांवर आणणार, म्हणजे तिमाहीत नऊ लाख खपले तरी कंपनीकडून साडेसहा लाखांचाच माल उचलणार. टार्गेट साडेतेरा. निम्मंही होत नाही.

"म्हणजे पहिले तीन महिने 24 हजारच," सचिन म्हणाला.

"अरे, पण सचिन औषध लिहिणारे डॉक्टर वाढवेल की," अजय हटेना. "दुसरीत चार हजारांवर काही नाहीच. वर मुरलेला ब्रँड, दरवर्षी टार्गेट वाढवून देणार. जत, आटपाडीचे मुक्काम वेगळेच."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण डॉक्टर वाढतील का, ते औषधावर आहे. सचिनने हॉस्पिटलांजवळच्या सहा मेडिकलमध्ये विचारलं होतं. पहिलीची अँटिबायोटिक दोनच ठिकाणी होती, तीही एकाच डॉक्टरच्या चिठ्ठीवर. त्याच औषधाचे दुसरे ब्रँड रॅकभर. दुसरीची कॅल्शियमची गोळी साही दुकानांत होती, आणि ती लिहिणाऱ्या पाच-सहा डॉक्टरांची नावं दुकानदारांनी न अडखळता सांगितली. तिथे टार्गेट सहा लाख आणि खप पाच लाख साठ हजार. पहिल्याच तिमाहीत 90 टक्क्यांच्या वर.

मी दुसरीच्या बाजूने आहे, तसं स्पष्ट सांगितलं.

"तरी पहिलीला एकदा विचार," अजय म्हणाला. "पहिल्या तिमाहीत दुकानांत गेलेला मालच धरणार का, आणि टार्गेट त्याच्यावर बेतून देणार का? लेखी मागायचं."

लेखी दिलं, तर मीही पुन्हा विचार करेन. पण तोंडी आश्वासन मला चालणार नाही.

"आणि त्या सात लाखांतला जो एक्सपायर होऊन परत येईल," अजय उठता उठता म्हणाला, "तो कुणाच्या विक्रीतून वजा करणार?"

सचिनने तोही प्रश्न मोबाइलमध्ये लिहून घेतला.