सोमवारची भेट, शनिवारचं लॉकर

“दादा, सगळं ठरलेलं असताना आदल्या दिवशी वेळ, जागा, कोण येणार, काय आणायचं हे पुन्हा लिहून पाठवायचं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं नाही का? तुमच्या जर्मनीत तरी असं करतात का?”

कोपरीच्या माझ्या मावसभावाने हे विचारलं ते आईच्या ठाण्यातल्या फ्लॅटच्या व्यवहारानंतर. म्हणून तिथूनच सांगतो.

दस्त नोंदणी 14 जुलै 2025, सोमवारी होती. आई, खरेदीदार नवराबायको आणि दोन साक्षीदार, असे पाचजण हवे होते. रविवारी मी ग्रुपवर विचारलं, “उद्याचं नक्की ना?” सगळ्यांनी होकाराचे अंगठे पाठवले. मी निर्धास्त झालो.

सकाळी एक साक्षीदार भलत्याच कार्यालयात जाऊन उभा. ठाण्यात दुय्यम निबंधकांची कार्यालयं एकाहून जास्त आहेत, ती क्रमांकाने ओळखली जातात, आणि आमच्या ग्रुपवर सगळीकडे नुसतं ‘रजिस्ट्रेशन ऑफिस’ लिहिलेलं. मामा साक्षीदार म्हणून आले ते आधारची झेरॉक्स घेऊन; मूळ कार्ड घरी. आणि खरेदीदारांना जे मूळ करारपत्र हातात हवं होतं, ते बँकेच्या लॉकरमध्ये. दिवस गेला. आई तिथल्या बाकड्यावर तीन तास बसून होती, हे मला अजून सलतं.

कोणीही खोटं बोललं नव्हतं. ‘नक्की ना?’ला प्रत्येकाने आपापल्या डोक्यातल्या सोमवारला हो म्हटलं होतं. चूक दिसायची तर मजकूर समोर यावा लागतो. कार्यालयाचा क्रमांक आणि इमारतीचं नाव लिहिलं असतं, तर “अरे, मी तर दुसरीकडे निघालो होतो” हे रविवारीच कळलं असतं. नवी मुंबईत तर हे रोजचं आहे: सेक्टर 17 वाशीला आहे, खारघरलाही आहे.

मामांचं म्हणणं, “तिकडे लोक वेळ पाळतात, म्हणून आठवण लागत नाही.” हे अर्धंच खरं आहे. इथे जर्मनीत घर घेताना नोटरीकडून कराराचा मसुदा साधारण दोन आठवडे आधी हातात येतो. वेळ, पत्ता आणि कुठलं ओळखपत्र आणायचं तेही आधीच लेखी कळवलेलं असतं. म्हणून आदल्या दिवशी कोणी फोन करत नाही. आपल्याकडे भेट चहा पिताना तोंडी ठरते, मग तीनदा सरकते, आणि शेवटचं काय ठरलं ते एकाही जागी लिहिलेलं नसतं. ते लिहिणं आदल्या दिवसावर येतं. यात अविश्वास कुठे आला?

दस्ताचं काम बघणाऱ्या ताईंनी मला जे सांगितलं ते मला सुचलं नसतं. त्या म्हणाल्या, “‘उद्या’ लिहूच नका. कोणी मेसेज सकाळी उघडतो आणि त्याचा उद्या पुढे सरकतो. वार आणि तारीख दोन्ही लिहा. एक चुकलं तर दुसऱ्यावरून लगेच ध्यानात येतं.” पुढे म्हणाल्या, “आणि ‘आदला दिवस’ वस्तू बघून मोजा.” 12 जुलै हा दुसरा शनिवार, बँक बंद, रविवारी बंदच. लॉकरमधल्या कागदासाठी आमचा आदला दिवस शुक्रवार होता. मी रविवारी अगदी नीट लिहिलं असतं तरी करारपत्र आलं नसतं.

दुसरी तारीख गुरुवार, 17 जुलै. मंगळवारी फक्त आईला लॉकरचं कळवलं. बुधवारी माझ्या सकाळी साडेसातला, म्हणजे ठाण्यात अकराला, हे पाठवलं:

“गुरुवार, 17 जुलै. सकाळी 10.15ला गेटपाशी, आत जायची वेळ 10.30. येणार: आई, खरेदीदार दोघे, मामा, शेजारचे काका. प्रत्येकाने मूळ आधार. आई आणि खरेदीदारांनी मूळ पॅनही. करारपत्र आईकडे. काही चुकलं असेल तर आज सहाच्या आत सांगा.” खाली कार्यालयाचा क्रमांक, इमारत आणि नकाशा.

दुपारी काकांचं उत्तर आलं: आधार मुलाकडे पुण्याला राहिलंय. संध्याकाळपर्यंत दुसरा साक्षीदार मिळाला आणि काम झालं.

आत्याने हे ऐकून विचारलं, मग हळदीकुंकवाच्या बायकांनाही असं लिहायचं का? नाही हो. तिथे उशिरा आलेली बाई बाकीच्यांना ताटकळत ठेवत नाही.

मावसभावाचा मुद्दा मात्र एका ठिकाणी मला अजून सुटलेला नाही. मामांना तो मेसेज लागला. ‘मूळ आधार’ हे शब्द त्यांना स्वतःवर रोखलेले वाटले, आणि सोमवारनंतर ते तसे वाटणारच होते. आता त्यांना मी फोन करतो आणि विचारतो, “मामा, तुम्ही कुठून निघताय, कुठे उतरणार?” मग जागा ते स्वतःच सांगतात. कागदांचं मात्र मामीला सांगून ठेवतो.