साइड व्ह्यूतल्या त्या दोन डॉटेड लाइन्स : एका प्रतिक्रियेला उत्तर

खाच काढलेल्या एका ब्लॉकचे फ्रंट, टॉप आणि साइड असे तीन व्ह्यू मी लेखात काढून दाखवले होते, साइड व्ह्यूत खाचेच्या लपलेल्या कडा डॉटेड लाइन्सनी. त्यावर अंबडच्या एका वाचकांची प्रतिक्रिया :

«इतक्या साध्या ब्लॉकसाठी एवढा पसारा कशाला? फ्रंट आणि टॉपमध्ये सगळं दिसतंच, साइड व्ह्यूतल्या डॉटेड लाइन्स म्हणजे निव्वळ गिचमिड. आमच्याकडे थर्ड अँगल चालतो आणि कॅडमध्ये व्ह्यू आपोआप पडतात. ज्यांनी शॉप फ्लोअर पाहिलेला नाही त्यांनी पोरांना ड्राफ्टर धरायला लावून त्यांचा वेळ खाऊ नये. मापांचे आकडेही मोबाइलवर वाचता येत नाहीत.»

साहेब, आकडे बारीक आलेत हे मान्य. आकृती मोठी करून पुन्हा टाकतो. ‘शॉप फ्लोअर पाहिलेला नाही’ हे मात्र तुम्ही कशावरून ठरवलंत? सातपूरच्या कारखान्यांत जाणारी ड्रॉइंग्ज तपासण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. ते तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, पण मग न विचारता बोलण्याचंही नव्हतं. मतभेद असू द्या, ‘पोरांचा वेळ खाऊ नये’ ही भाषा कशाला? याच पानावर विद्यार्थीही वाचत असतात.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एकच वाक्य विषयाला धरून आहे, फ्रंट आणि टॉपमध्ये सगळं दिसतं हे. तेच घेऊ, कारण ते चुकीचं आहे आणि किती चुकीचं आहे ते याच ब्लॉकवर दाखवता येतं.

ब्लॉक ८० मिमी लांब, ५० रुंद, ४० उंच. वरच्या बाजूने एक खाच काढलेली आहे. डाव्या टोकापासून २० सोडून ती सुरू होते, ३० रुंद आहे आणि २५ खोल, म्हणजे खाली १५ शिल्लक राहतात. ती समोरून उघडी आहे, पण मागपर्यंत जात नाही. ३५ आत जाऊन थांबते आणि मागे १५ जाडीची भिंत उरते.

आता फ्रंट व्ह्यू. ८० बाय ४० चा आयत, त्यात डावीकडून २० वर आणि ५० वर दोन उभ्या रेषा, वरच्या कडेपासून खाली २५ मिमी. त्यांची खालची टोकं जोडणारी आडवी रेषा तळापासून १५ वर. तिन्ही रेषा ठळक. आयताची वरची रेषा अखंड, कारण खाचेतून मागची भिंत दिसते आणि तिची वरची कड त्याच उंचीवर आहे. (निम्मे विद्यार्थी इथे रेषा पुसून टाकतात आणि खाच आरपार करून ठेवतात, तो वेगळा विषय.)

टॉप व्ह्यू त्याच्या खाली, ८० बाय ५० चा आयत. त्याच २० आणि ५० वर दोन रेषा, समोरच्या कडेपासून आत ३५ मिमी, आणि त्यांना जोडणारी एक आडवी. समोरची कडही अखंड, कारण वरून पाहताना खाचेच्या तळाची पुढची कड दिसते. इथेही सगळ्या रेषा ठळक.

इथपर्यंत तुमच्या म्हणण्याप्रमाणे सगळं दिसलं. आता एक करा. खाच काटकोनात न काढता उतरती काढा, म्हणजे समोर तळापासून १५ उंचीवर सुरू होऊन मागे ३५ आत जाताना थेट वरच्या पृष्ठभागाला भिडणारा उतार. घसरगुंडीच म्हणा. या दुसऱ्या ब्लॉकचा फ्रंट व्ह्यू काढून पाहा. उताराची पुढची कड १५ वर, बाजूच्या दोन उभ्या रेषा २० आणि ५० वर, वरची रेषा अखंड. टॉप काढा. उतार जिथे वर भिडतो ती कड ३५ आत, बाजूच्या दोन रेषा तिथेच, समोरची कड अखंड. पहिल्या ब्लॉकच्या व्ह्यूवर हे व्ह्यू ठेवून खिडकीच्या काचेवर धरलेत तर एकही रेषा इकडची तिकडे होणार नाही.

तिसरा ब्लॉकही करता येतो. समोरच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सरळ उतार न देता आत खोलगट वळण द्या. तरी फ्रंट तोच, टॉप तोच. तीन वेगळे जॉब आणि दोन्ही व्ह्यू सारखे. तुम्हाला ‘सगळं दिसतं’ ते कुठून दिसतं, तर शेजारी मी काढलेल्या आयसोमेट्रिक आकृतीतून. ती झाकून फक्त दोन व्ह्यू पाहा. विद्यार्थ्यांना दोन व्ह्यू देऊन तिसरा काढायला सांगतात तेव्हा ते नेमके इथेच अडकतात.

या तिघांना वेगळं करणारी जागा एकच, तो साइड व्ह्यू. बाहेरून ५० बाय ४० चा आयत तिघांचाही सारखाच. डावीकडून पाहिलं तरी उजवीकडून पाहिलं तरी खाच बाजूच्या भिंतीआड जाते, म्हणून आतल्या रेषा डॉटेडच येणार. पहिल्या ब्लॉकमध्ये दोन डॉटेड लाइन्स काटकोनात मिळतात. दुसऱ्यात एकच तिरकी डॉटेड लाइन, आडवीशी साधारण साडेपस्तीस अंशांची. तिसऱ्यात डॉटेड वळण. ज्याला तुम्ही गिचमिड म्हणता ती काढून टाकली की उरतो एक कोरा आयत, आणि मशीनवर उभा असलेला माणूस तिघांपैकी जे सोपं ते करून देईल. दोष त्याचा नसेल.

तुमचा गैरसमज कशामुळे झाला असेल याचा मला अंदाज आहे. त्या साइड व्ह्यूमध्ये मी एकही माप दिलेलं नाही. ८०, ४०, २०, ३० आणि १५ फ्रंटमध्ये आहेत, ५० आणि ३५ टॉपमध्ये. डॉटेड लाइनला माप देणं शक्यतो टाळायचं असतं, ठळक रेषा जिथे मिळते तिथे ते द्यायचं, आणि इथे सात मापांत काम भागतं. त्यामुळे आकडे मोजत वाचणाऱ्याला साइड व्ह्यू रिकामा वाटतो. पण माप खाच किती मोठी ते सांगतं, ती काटकोनी आहे की उतरती ते सांगत नाही. हीच सात मापं उतरत्या ब्लॉकलाही चालतात.

आता तो व्ह्यू काढायचा कसा, कारण गडबड तिथेही होते. फ्रंटच्या उजवीकडे ३० जागा सोडा, तितकीच फ्रंट आणि टॉपच्या मध्ये. साइड व्ह्यू जिथून सुरू करायचा तिथून उभी रेषा खाली आणा, टॉपच्या वरच्या कडेतून आडवी रेषा उजवीकडे न्या. दोन्ही मिळतात त्या बिंदूतून ४५ अंशांची रेषा उजवीकडे खाली मारा. टॉपमधल्या तीन आडव्या रेषा, म्हणजे मागची कड, खाचेची मागची भिंत आणि समोरची कड, या ४५ च्या रेषेपर्यंत न्या आणि तिथून सरळ वर चढवा. फ्रंटमधून तळ, १५ ची उंची आणि वरची कड आडव्या आणा.

फर्स्ट अँगलमध्ये फ्रंटला चिकटून येते ती ब्लॉकची मागची बाजू. म्हणून १५ जाडीची भिंत साइड व्ह्यूत डावीकडे यायला हवी आणि खाच उजवीकडे उघडी. उलटं आलं असेल तर ४५ ची रेषा न वापरता डोळ्यांनी अंदाजे काढलंय, हे तपासणाऱ्याला लगेच कळतं.

आता भिंतीची उभी रेषा आणि १५ ची आडवी रेषा एकमेकींना छेदतात. छेदबिंदूपासून एक हात वर आणि एक हात उजवीकडे गेला तर काटकोनी खाच. छेदबिंदू सोडून त्या दोन हातांची बाहेरची टोकं तिरकी जोडली तर उतार. प्रोजेक्शन लाइन बिंदू आणून देते, कोणते बिंदू जोडायचे ते ती सांगत नाही. ते काढणाऱ्याला ठाऊक असावं लागतं, आणि त्याने ते ठरवलं याचा कागदावरचा पुरावा त्या दोन डॉटेड लाइन्सच देतात.

म्हणून डॉटेड लाइन कशीही मारून चालत नाही. डॅश साधारण ३ मिमी, मधली फट १ मिमी, जाडी ठळक रेषेच्या निम्मी. ३५ च्या आडव्या रेषेत नऊ डॅश आणि आठ फटी बरोबर बसतात. २५ च्या उभ्या रेषेत ते गणित जमत नाही, तिथे सात डॅश घ्या आणि प्रत्येक किंचित आखूड करा. हा हिशेब एवढ्यासाठी की दोन्ही टोकांना डॅशच हवा. बाहेरच्या कडेला डॅश टेकला पाहिजे आणि काटकोनात दोन डॅश मिळून स्पष्ट कोपरा झाला पाहिजे. कोपऱ्यावर फट पडली तर तिथे धारदार कोपरा आहे की गोलाई, हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि तुमच्या भाषेतली गिचमिड तिथे खरोखर होते.

इतकं करूनही डॉटेड लाइन्स डोळ्यांत खुपत असतील तर एक रीतसर मार्ग आहे. खाचेच्या मधून, म्हणजे डावीकडून ३५ वर, ब्लॉक उभा कापला असं धरून साइड व्ह्यू सेक्शनमध्ये काढा. मग एल आकाराचा कापलेला भाग हॅचिंगसह ठळक येतो, खाचेची पलीकडची भिंत हॅचिंगशिवाय दिसते आणि डॉटेड एकही उरत नाही. पण तोही साइड व्ह्यूच, साहेब. तिसऱ्या व्ह्यूवाचून सुटका नाही.

उरलेल्या मुद्द्यांबद्दल फार लिहीत नाही. बीआयएसची एसपी ४६ ही पुस्तिका शाळा-कॉलेजांसाठी फर्स्ट अँगल सांगते, म्हणून लेख फर्स्ट अँगलमध्ये आहे. तुमच्याकडे थर्ड चालत असेल तर टॉप वर न्या आणि हाच डावीकडचा साइड व्ह्यू फ्रंटच्या डावीकडे ठेवा. व्ह्यूच्या आतली एकही रेषा बदलत नाही, फक्त फ्रंटला आता समोरची बाजू चिकटते आणि टायटल ब्लॉकमधलं चिन्ह बदलावं लागतं. कॅडचं म्हणाल, तर व्ह्यू आपोआप पडतात हे खरं, पण त्यात लपलेल्या रेषा दाखवायच्या की नाही हे माणूसच ठरवतो. तुमच्यासारख्याने त्या बंद केल्या की कॅडमधूनही तोच कोरा आयत छापून येणार.

पटत नसेल तर फ्रंट आणि टॉप एवढेच दोन व्ह्यू, सातही मापांसह, तुमच्याच शॉपमधल्या तिघांना वेगवेगळे द्या. आयसोमेट्रिक दाखवू नका, तोंडी काही सांगू नका. कपडे धुण्याच्या साबणाची वडी आणि ब्लेड पुरे, मापं निम्मी करून कापायला सांगा. तिघांच्या वड्या सारख्या निघाल्या तर इथे येऊन लिहा, छापतो.