तिकडचे नऊ म्हणजे इकडचे किती?

येत्या रविवारी, 2 नोव्हेंबर 2025 ला, अमेरिकेतली बहुतेक घड्याळं एक तास मागे जातील. युरोपातली गेल्या रविवारीच गेली. आपल्याकडे घड्याळ कधी हलत नाही, त्यामुळे आपल्याला याचं काही सोयरसुतक नसतं. माझ्यासारख्या पुण्यात बसून शिकागोच्या टीमसोबत काम करणाऱ्या बाईला मात्र असतं. का असतं, ते सांगायला मार्चपर्यंत मागे जावं लागेल. पण आधी आमच्या टीममधला एक वाद.

आमच्याकडे एक नवा मुलगा आलाय, हुशार आहे. मी त्याला सांगितलं की शिकागोवाल्यांना स्लॅकवर, म्हणजे आमच्या ऑफिसच्या चॅट ॲपवर, काही कळवायचं असेल तर सकाळी अकराला लिही हवं तर, पण पाठवू नकोस. शेड्यूल करून ठेव, त्यांचा दिवस सुरू होईल तेव्हा पोचू दे. तो म्हणाला, "पण मॅडम, त्यांचं डू नॉट डिस्टर्ब चालू असतं ना रात्री? आपल्या अकराला तिकडे रात्रीचे साडेबारा. फोन वाजणारच नाही. मग आत्ता पाठवला तर काय बिघडलं?"

प्रश्न रास्त आहे. मीही बरीच वर्षं असंच करायचे. पण डू नॉट डिस्टर्ब फक्त फोन गप्प ठेवतं, मेसेजची जागा बदलत नाही. रात्री साडेबाराला पाठवलेला मेसेज चॅनलमध्ये रात्री साडेबाराच्याच जागेवर बसतो. त्यानंतर आपली पुण्याची मंडळी दिवसभर तिथेच बोलत असतात. बिल्ड फुटला, बिल्ड झाला, कोणी जेवायला जातंय का, सगळं त्याच्यावर रचत जातं. शिकागोचा माणूस सकाळी लॅपटॉप उघडतो तेव्हा त्याच्यासमोर चाळीसेक न वाचलेले मेसेज असतात आणि आपला त्यात कुठेतरी दबलेला असतो. कॉफीचा पहिला घोट घेत तो सगळं भराभर वर सरकवतो आणि "मार्क ॲज रीड" करून मोकळा होतो. मीही सकाळी तेच करते, त्याला कसा दोष देणार? तोच मेसेज त्याच्या नऊला पोचला तर सगळ्यात शेवटी, ताजा, एकटा दिसतो. शेड्यूल करण्यात समोरच्याच्या झोपेची काळजी आहेच, पण निम्म्याहून जास्त स्वार्थ आहे. आपलं वाचलं जावं हा.

आता मार्चची गोष्ट.

शुक्रवार, 7 मार्च. आमच्या टेस्ट डेटाबेसमध्ये एक घोळ सापडला होता. ग्राहकांच्या जुन्या नोंदी नव्या टेबलात हलवायची एक स्क्रिप्ट शिकागोची टीम सोमवारी सकाळी चालवणार होती. तोवर घोळ दुरुस्त होणार नव्हता. मी संध्याकाळी स्लॅकवर व्यवस्थित मेसेज लिहिला: सोमवारी स्क्रिप्ट चालवू नका, मंगळवारी आम्ही हिरवा कंदील देऊ, कारण अमुक. शनिवार-रविवार कोणाला त्रास नको म्हणून पाठवा बटणाच्या शेजारचा छोटा बाण दाबला. तिथे तयार पर्याय येतात, त्यातला एक सोमवारी सकाळी नऊचा. पहिला सापळा हाच. चॅनलमध्ये शेड्यूल करताना ते नऊ आपले असतात, त्यांचे नसतात. पुण्याच्या सोमवारी सकाळी नऊला शिकागोत अजून रविवारची रात्र असते. हे मला पाठ होतं, म्हणून मी ऐटीत स्वतः वेळ टाकली: सोमवार, 10 मार्च, रात्री 8:30. हिवाळ्यात शिकागो आपल्या साडेअकरा तास मागे. त्यांचे नऊ म्हणजे आपले साडेआठ. त्यांचं स्टँडअप, म्हणजे रोज सकाळची छोटी मीटिंग, सव्वानऊला. म्हणजे पंधरा मिनिटं हातात. लॅपटॉप मिटला आणि घरी गेले.

मधल्या रविवारी, 9 मार्चला, पहाटे दोन वाजता शिकागोचं घड्याळ एक तास पुढे गेलं. फरक साडेअकरावरून साडेदहा तासांवर आला. माझा मेसेज पुण्याच्या साडेआठला बरोबर गेला, सेकंदाचाही उशीर नाही. फक्त तिकडे तेव्हा दहा वाजले होते.

मी भाजी चिरत होते तेव्हा फोन आला. शिकागोच्या टीममध्ये नाशिकचा एक मुलगा आहे, आमचं मराठीतच चालतं. म्हणाला, "ताई, तुझा मेसेज आत्ता आला गं. आम्ही स्टँडअप संपल्या संपल्या स्क्रिप्ट चालवून बसलोय." डेटाबेस टेस्टचा होता म्हणून वाचलो. तरी आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून तो परत उभा करण्यात मंगळवार अख्खा गेला.

गंमत म्हणजे आमची गुरुवारची एकत्र मीटिंग त्या आठवड्यात रात्री आठऐवजी सातला दिसत होती. ती मला शुक्रवारीच कॅलेंडरमध्ये दिसली होती आणि मी मनात म्हटलं, बरं झालं, जेवण वेळेवर होईल. तिथेच ट्यूब पेटायला हवी होती. मीटिंगचं आमंत्रण शिकागोतून बनवलेलं. ते शिकागोच्या घड्याळाला बांधलेलं असतं. तिकडचे साडेआठ म्हणजे साडेआठ, इकडे काय वाजतील ते वाजोत. मेसेज शेड्यूल केला होता मी, माझ्या घड्याळावर. ॲप त्यातून एक ठरलेला क्षण काढून ठेवतं आणि त्या क्षणी मेसेज सोडतं. तो क्षण मी "शिकागोचे नऊ" म्हणून निवडला होता हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. चूक ॲपची नाही, माझीच.

तेव्हापासून माझ्या डोक्यातला "साडेअकरा" हा आकडा मी पुसून टाकलाय. फरक पाठ करायचा नाही, ज्या दिवशी मेसेज जाणार त्या दिवसाचा फरक बघायचा. फोनच्या जागतिक घड्याळावरही भरवसा नाही, ते आजचा फरक दाखवतं, सोमवारचा नाही. मी टेस्टिंगवाली असल्याने लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ही एक ओळ टाकते:

```
TZ=Asia/Kolkata date -d 'TZ="America/Chicago" 2025-03-10 09:00'
```

त्या दिवशीच्या शिकागोच्या नवाला पुण्यात किती वाजतील ते ही सांगते. उत्तर येतं 19:30, म्हणजे साडेसात. हे मी 7 मार्चला केलं असतं तर मंगळवार वाचला असता. टर्मिनल नको असेल तर कॅलेंडरमध्ये त्या तारखेला एक खोटी मीटिंग शिकागोच्या वेळेने टाकून बघा, तेच उत्तर मिळेल.

येत्या आठवड्यात उलटं होणार आहे. आज शिकागो साडेदहा तास मागे आहे, सोमवारी, 3 नोव्हेंबरला, साडेअकरा असेल. या शुक्रवारी कोणी सवयीने साडेसात टाकून गेलं तर मेसेज तिकडे आठला पडेल. हे मार्चइतकं वाईट नाही. लवकर आलेला मेसेज निदान स्टँडअपच्या आधी असतो. पण ज्याचा फोन आठला डू नॉट डिस्टर्बमधून बाहेर येतो, तो मुलांना शाळेत सोडताना गाडीत वाजणार.

इथवर घड्याळाचं झालं. पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे, आणि ते मला या दिवाळीत कळलं.

रजेवर जायच्या आधी, 17 तारखेला, मी एक मेसेज 21 ऑक्टोबरच्या संध्याकाळी साडेसातला लावून ठेवला. वेळ यावेळी अचूक, शिकागोचे नऊ. मजकूर असा की लॉगिनच्या पानावरचा एक दोष अजून सुटलेला नाही, तिकडच्या कोणीतरी बघावं. सोमवारी, मी घरी चिवडा भाजत असताना, आमच्याच एका मुलीने तो दोष सोडवून टाकला. तिला माझा मेसेज रांगेत उभा आहे हे माहीत असायचं कारण नव्हतं, शेड्यूल केलेला मेसेज फक्त पाठवणाऱ्यालाच दिसतो. मी तर विसरूनच गेले होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी दारात पणत्या लावत होते आणि तिकडे माझ्या नावाने, ताज्या वेळेचा मेसेज पडला की दोष अजून आहे. तिकडच्या माणसाने दोन तास तो दोष शोधला. सापडेना म्हणून मला विचारलं, नेमका कुठे? मी उत्तर देईना. चॅनलमध्ये पाच प्रश्न, माझ्या नावापुढे मेसेजची वेळ नऊची, आणि बाई गायब. त्याला वाटलं असणार, आत्ता तर बोलली, गेली कुठे?

आलेल्या मेसेजवर तो चार दिवसांपूर्वी लिहिलाय असं कुठेही दिसत नाही. शेड्यूल करणं म्हणजे एक प्रकारे न बोलता खोटं बोलणं आहे, असं माझं आता मत झालंय. "मी आत्ता इथे आहे आणि हे आत्ता खरं आहे" असं तो मेसेज सांगतो, आणि दोन्ही खरं असेलच असं नाही.

म्हणून हल्ली मी शेड्यूल केलेल्या प्रत्येक मेसेजची पहिली ओळ अशी लिहिते: "पुण्यात शुक्रवारी दुपारी चारला लिहिलंय, मी सोमवारी सकाळी दहाला परत येईन." इंग्रजीत लिहिते अर्थात. नव्या मुलाला हे जरा बावळटपणाचं वाटतं. वाटू दे. त्या एका ओळीमुळे समोरचा आधी बघतो की मधल्या काळात कोणी काही केलंय का, आणि माझ्या उत्तराची वाट बघत बसत नाही.

@here मात्र शेड्यूल केलेल्या मेसेजात घालू नका. ते फक्त त्या क्षणी ॲपवर हजर असलेल्यांनाच टोचतं. नऊच्या ठोक्याला निम्मे लोक पार्किंगमध्ये असतात, त्यांना कळतच नाही. ज्याच्याकडून काम हवंय त्याचं नाव घाला.

आणि रोज निघायच्या आधी मी `Drafts & sent` उघडून `Scheduled` मध्ये काय काय उभं आहे ते बघते. गॅस बंद केला का बघतो ना, तसं. आत्ता तिथे सोमवारचा एक मेसेज आहे, रात्री 8:30 चा. आज चहाच्या वेळी नव्या मुलाने माझ्या खांद्यावरून डोकावून विचारलं, "मॅडम, साडेसात हवं ना ते?"

त्याला म्हटलं, बस, खुर्ची ओढ.