‘असंच चालत आलंय’ हे उत्तर देऊ नका प्लीज

आज मीटिंगमध्ये जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय. नवीन मॅनेजर आलेत, बाहेरून, तिसरा आठवडा. आमच्या टीममधल्या सगळ्यात ज्युनियर मुलीला त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे असं का करता? ती म्हणाली, सर, आमच्याकडे असंच करतात. आणि ते हसले. म्हणाले, हाच तर प्रॉब्लेम आहे. तिचा चेहरा पडला ना, मला इतका राग आला की मी पेन टेबलावर आपटलं.

अरे, तीन आठवड्यात काय कळतं तुम्हाला?

राग येण्याचं कारण म्हणजे मी स्वतः हे भोगलंय. आठेक वर्षांपूर्वी, दुसऱ्या कंपनीत, अकाउंट्समध्येच. व्हेंडरचा मेल आला की आमचं बँक खातं बदललंय, तर आम्ही नवीन नंबर लगेच सिस्टिममध्ये टाकायचो नाही. आधी व्हेंडरला फोन करायचो, आणि तोही मेलमधल्या नंबरवर नाही, आमच्या जुन्या रेकॉर्डमधल्या नंबरवर. नवीन आलेले मॅनेजर म्हणाले, २ जण अप्रूव्ह करतात ना सिस्टिममध्ये, मग फोन कशाला, पेमेंट लेट होतात तुमच्यामुळे, बंद करा. मी मीटिंगमध्ये तावातावाने भांडले. काय बोलले माहितीये? ‘सर, आम्ही कायम असंच करतो.’ झालं, तिथेच हरले मी.

घरी जाऊन रडले, खोटं कशाला बोलू.

मग आमच्या टीममधल्या सगळ्यात जुन्या ताईंना विचारलं की हा फोन सुरू कधी झाला. त्यांनी सांगितलं ते मला ४ वर्षं तिथे काम करून माहीत नव्हतं! माझ्या आधी एकदा खातं बदलल्याचा खोटा मेल आला होता, मेल आयडीत फक्त एक अक्षर वेगळं. दोघांनी अप्रूव्ह केलं, कारण दोघं तोच मेल बघत होते, दुसऱ्या माणसाकडे ताडून बघायला वेगळं काही नव्हतंच. २ पेमेंट गेली. आणि कळलं कधी, तर खरा व्हेंडर पैसे मागायला लागला तेव्हा, दीड महिन्याने. तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं. मेलमधल्या नंबरवर फोन का करायचा नाही तेही तेव्हाच समजलं, तो नंबरही त्याच चोराचा असतो.

आता सांगा, हे त्या मॅनेजरना कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. कुठे लिहिलेलंच नव्हतं. (हे मान्य करायला मला बरेच दिवस लागले.)

मग मी एक पान लिहिलं. खातं बदलायच्या आमच्या सगळ्या स्टेप्स, प्रत्येकीपुढे ती का आहे आणि किती वेळ खाते. रजिस्टरमधून मागच्या १४ रिक्वेस्ट काढल्या, तारखा लावल्या. फोन ११ वेळा त्याच दिवशी झाला होता, ३ वेळा दुसऱ्या दिवशी. मग उशीर कुठे होत होता? मेलची प्रिंट काढून तिच्यावर ३ सह्या घ्यायचो आम्ही, ती प्रिंट ट्रेमध्ये चार-चार दिवस पडून राहायची. ती सही कशासाठी हे ताईंनाही सांगता येईना, सिस्टिम यायच्या आधीची असावी बहुतेक. म्हणजे उशीर होतो हे त्यांचं बरोबर होतं, फक्त बोट चुकीच्या जागी होतं.

ते पान मी मीटिंगमध्ये नाही दिलं, एकटे असताना दिलं. सगळ्यांसमोर दिलं असतं तर त्यांना माघार घेताच आली नसती. सह्या आपणहून सोडल्या आणि म्हणलं फोन ठेवा, पाहिजे तर ३ महिन्यांनी परत आकडे बघू. त्यांनी १० मिनिटं वाचलं आणि एकच विचारलं, हे आधी का नाही सांगितलं?

तेव्हा चिडले होते या प्रश्नावर. आज वाटतं, बरोबर विचारलं त्यांनी. बाहेरून आलेल्या माणसाला ज्या गोष्टी खटकतात त्यातल्या काही खरंच खटकण्यासारख्या असतात, ठीक आहे, मानते.

पण म्हणून पोरीवर हसायचं नाही हो. ‘का करता’ विचारलंत तर उत्तर यायला २ दिवस द्या, तिला कारण माहीत नाही म्हणजे कारणच नाही असं नसतं. आणि आम्ही जुने लोक, आम्ही तिला नुसतं ‘असं कर’ शिकवलं, का ते सांगितलंच नाही, तिचा अपमान अर्धा आमच्यामुळे झाला. लिहिता लिहिता हे जास्तच टोचायला लागलंय.

संध्याकाळी तिला मेसेज केला. ती म्हणाली, ताई, मला ती स्टेप का आहे ते खरंच माहीत नाहीये. म्हणलं, मला तरी कुठे धड माहितीये. उद्या अर्धा तास लवकर येतोय दोघी, जुनी रजिस्टरं मी कपाटातून काढून ठेवलीयत.