सम तारखेला उजवीकडे, विषम तारखेला डावीकडे, मधल्या वेळात आरटीओ

नवीन शहरात आल्यापासून मी कॅलेंडर बघतो ते सणवार बघायला नाही, गाडी कुठल्या बाजूला लावायची ते बघायला. आमच्या गल्लीत एका बाजूला पी १ ची पाटी आहे आणि समोर पी २ ची, पी १ म्हणजे विषम तारखेला पार्किंग, पी २ म्हणजे सम तारखेला. ऐकायला सोपंय. पण तारीख बदलते रात्री बाराला आणि माणूस झोपतो अकराला, त्यामुळे उद्याची बाजू आज रात्री रिकामी असली तरी तिथे लावता येत नाही, आणि सकाळी उठेपर्यंत ती भरलेली असते!

खरी गंमत ३१ चा महिना असला की. ३१ पण विषम आणि १ पण विषम, म्हणजे पी १ वाल्याला सलग दोन दिवस गाडी हलवायला लागत नाही. हे गल्लीत सगळ्यांना माहितीय. ३० च्या रात्री बाराला पाच मिनिटं कमी असताना एकेक इंजिन सुरू व्हायला लागतं, आणि एरवी जिन्यात 'या, चहाला या' म्हणणारे काका त्या वेळी काच खाली करून ओळखसुद्धा दाखवत नाहीत.

एकदा सकाळी खाली गेलो तर गाडीच नाही. मी पोलिसांत चोरीची तक्रार द्यायला निघालो होतो, तर काका म्हणाले, "अहो चोर एवढ्या सकाळी उठत नाहीत, टोइंगवाल्यांनी उचलली असणार, वाहतूक चौकीत जा आधी." गाडी तिथेच होती. नो पार्किंगची पाटी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्समागे होती, हे मी तिथल्या साहेबांना फोटो काढून दाखवलं, ते म्हणाले फोटो छान आलाय, आता दंड भरा आणि वर टोइंगचे वेगळे. भरले.

ते प्रकरण तिथे मिटलं असं मला वाटलं. मिटलं नव्हतं, कारण गाडी परराज्यातली.

परराज्यातली गाडी १२ महिन्यांच्या वर इथे ठेवली की इथला नंबर घ्यावाच लागतो, मोटार वाहन कायद्यात कलम ४७ आहे त्याचं. त्यासाठी आधी जुन्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि त्यावर हवा चेसिस नंबरचा पेन्सिलने घासलेला ठसा. आता हा १७ अक्षरांचा नंबर माझ्या गाडीत शेजारच्या सीटखाली, मॅटला एक झडप कापलीय तिच्या आत. तिथे कागद धरायचा आणि डोकं डॅशबोर्डखाली घालून वरून पेन्सिल घासायची. कागद सरकला की ८ चे दोन ८ होतात. फॉर्मच्या प्रत्येक प्रतीवर वेगळा ठसा लागतो, झेरॉक्स चालत नाही, हा नियम ज्याने केला त्याला पाठीचा त्रास नसावा.

एवढं करून अर्ज भरला तर तो अडकला. चलान बाकी! उचललेल्या गाडीचा दंड मी भरला होता, पण त्याच्या आधी कधीतरी कुणीतरी त्याच फ्लेक्सखाली गाडीचा फोटो काढून ई-चलान फाडलं होतं, आणि त्याचा मेसेज गेला नोंदणीतल्या मोबाईल नंबरवर, जो मी शहर सोडल्यावर बंद केला. म्हणजे नव्या शहरातल्या चलानामुळे जुनं शहर मला सोडेना, आणि जुन्याने सोडल्याशिवाय नवं घेईना. मोबाईल बदलला, चलान भरलं, आणि गाडीवरचं लोन आधीच फिटलेलं असल्यामुळे बँकेच्या पत्राची भानगड तेवढी वाचली. एनओसीवर नव्या आरटीओचं नाव मात्र नीट बघून घ्या, मोठ्या शहरात आरटीओ एकाहून जास्त असतात आणि कागद भलत्याच्या नावाने निघाला तर पुन्हा सीटखाली.

मग इकडे फॉर्म २७, गाडी दाखवणे आणि टॅक्स. जुन्या राज्यात १५ वर्षांचा एकरकमी भरलेला असतो, पण तो इथे मोजत नाहीत, इथे गाडीचं वय बघून पुन्हा भरायचा. जुन्या राज्याकडून उरलेल्या वर्षांचा परत मिळतो, पण कधी? इथलं नवं आरसी दाखवल्यावर. म्हणजे काही काळ एकाच गाडीचा टॅक्स दोन सरकारांकडे असतो आणि ती उभी असते पी २ ला.

रिफंडच्या खिडकीवर पहिलाच प्रश्न, "जुनं आरसी?"

"ते नव्या ऑफिसने जमा करून घेतलं."

"मग कसं होणार साहेब?"

जमा करायच्या आधी बाहेरच्या टपरीवाल्याने, काही विचारलं नसताना, मला दोन झेरॉक्स काढायला लावल्या होत्या. मी त्यातली एक खिडकीतून सरकवली. आतल्या माणसाने ती उलटीसुलटी करून पाहिली, थोडा वेळ काही सुचेना, आणि मग म्हणाला, "बँकेचा कॅन्सल चेक आणलाय का?"