एकच फ्लॅट, दोन भावंडं आणि दोन कर

“ताई, शेअर वर्षाच्या आत विकला तर 20 टक्के आणि वर्ष उलटल्यावर साडेबारा. पैसा माझा, नफा तोच, मग महिने मोजून वेगळा कर कशाला? तुमच्या जर्मनीत म्हणे असलं काही नाही.”

नाशिकच्या मामेभावाचा हा प्रश्न. शेअरपुरतं त्याचं खरं आहे. श्टुटगार्टला मी शेअर तीन आठवड्यांत विकला काय आणि तेरा वर्षांनी विकला काय, कर सारखाच बसतो. 25 टक्के आणि त्यावरचा अधिभार मिळून 26.375. समजा 3,000 युरो नफा झाला, तर वर्षाची 1,000 युरोंची सूट वजा जाते आणि उरलेल्या 2,000 वर बँक परस्पर साधारण 527 युरो कापून घेते. पण हा सारखेपणा कसा आला तेही त्याला सांगायला हवं होतं. 2009 च्या आधी इथेही एक वर्षाची मुदत होती आणि ती उलटली की शेअरच्या नफ्यावर सामान्य माणसाला कर शून्य होता. ती मुदतच काढून टाकली. म्हणजे थोड्या काळासाठी घेणाऱ्याचा कर खाली आणला नाही, थांबणाऱ्याची सवलत काढून घेतली. म्हणून “तिकडे बरं आहे” हे मला मान्य नाही. शेअरच्या बाबतीत मला आपली पद्धत जास्त न्याय्य वाटते.

मामेभावाचा राग मात्र समजण्यासारखा आहे. त्याने 10 जून 2024 ला 800 रुपयांनी 1,000 शेअर घेतले आणि 6 जून 2025 ला 1,100 ने विकले. नफा 3 लाख. त्याची समजूत अशी की ‘वर्ष’ म्हणजे आर्थिक वर्ष, 31 मार्च ओलांडला की झालं. तसं नसतं. खरेदीच्या तारखेपासून बारा महिने पूर्ण होऊन वर एक दिवस जावा लागतो. 10 जूनलाही नाही, 11 जून 2025 ला विकले असते तर ते दीर्घ मुदतीत गेले असते. त्याला सेस धरून 62,400 रुपये भरावे लागले. पाच दिवस थांबला असता तर पहिले सव्वा लाख सुटले असते, उरलेल्या पावणेदोन लाखांवर साडेबारा टक्के लागले असते आणि सेससकट 22,750 रुपयांत भागलं असतं. अर्थात त्या पाच दिवसांत भाव पडलाही असता, हे त्याचं म्हणणं रास्त आहे. पण किंमत पडेल या भीतीने त्याने आधी विकले असं झालं नव्हतं. त्याला तारीखच माहीत नव्हती.

आता मूळ मुद्दा. महिने का मोजायचे? तेरा वर्षं हळूहळू वाढलेली किंमत विकल्याच्या एकाच वर्षात नफा म्हणून समोर येते, आणि त्या वाढीतला मोठा भाग निव्वळ महागाईचा असतो. आठ महिन्यांत मिळालेल्या नफ्यात महागाई जेमतेम असते. दोघांना एका मापाने मोजलं तर थांबणारा न मिळालेल्या पैशावर कर भरतो. हे पुस्तकात वाचण्यापेक्षा आमच्या पुण्याच्या फ्लॅटवर मला जास्त नीट कळलं.

बाबांनी तो ऑगस्ट 2012 मध्ये 50 लाखांना घेतला. ते गेल्यावर 2021 मध्ये दादाच्या आणि माझ्या नावावर निम्मा निम्मा झाला. गेल्या नोव्हेंबरमध्ये आम्ही तो 90 लाखांना विकला. घरासाठी मुदत 24 महिन्यांची आहे, आणि वारशाने आलेल्या घराला आधीच्या मालकाचे दिवस धरतात, त्यामुळे आमचं मोजणं 2012 पासून सुरू झालं. मुदत दोघांचीही सारखीच, तेरा वर्षं.

पूर्वी अशा घराची खरेदी किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून मग नफा काढत आणि त्यावर 20 टक्के लावत. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पाने ते वाढवणं बंद केलं आणि दर साडेबारावर आणला. आरडाओरडा झाला, तेव्हा ऑगस्टमध्ये सरकारने दुरुस्ती केली: त्या तारखेआधी घेतलेल्या घर-जमिनीला जुना हिशेब किंवा नवा, ज्यात कर कमी तो लागू होईल. फक्त ही मुभा भारतात राहणाऱ्यांना दिली. अनिवासींना नाही.

2012-13 चा निर्देशांक 200, 2025-26 चा 376. म्हणजे 50 लाखांचे 94 लाख होतात. विकला 90 ला. महागाई धरली तर आम्ही कमावलं काहीच नाही, उलट थोडं गमावलं. दादाने जुना हिशेब धरला आणि त्याचा कर शून्य निघाला. माझ्या वाट्याला 45 लाख आले, खरेदीतला माझा वाटा 25 लाख, नफा 20 लाख, त्यावर साडेबारा टक्के आणि सेस मिळून 2 लाख 60 हजार. घर तेच, बाप तोच, मुदत तीच. फरक एवढाच की माझ्या पासपोर्टवर जर्मनीचे शिक्के जास्त आहेत.

हे दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “अगं, माझे तर 45 हजार कापले. तुझंही तसंच असेल.” खरेदीदाराने किंमत देतानाच आगाऊ कर म्हणून त्याचं एक टक्का कापलं होतं. माझ्या बाबतीत खरेदीदाराला माझ्या पूर्ण 45 लाखांवर 13 टक्के कापणं भाग होतं, नफ्यावर नाही. 5 लाख 85 हजार. जादा रक्कम विवरण भरल्यावर परत मिळते, पण तोवर ती अडकते. हे टाळायचं तर व्यवहाराआधी प्राप्तिकर खात्याकडे कमी कपातीचा दाखला मागावा लागतो, आणि त्यासाठी खरेदीखत, वारसाची कागदपत्रं, नफ्याचा हिशेब असं सगळं आधी तयार लागतं. मी इसारपावती झाल्यावर जागी झाले. खरेदीदाराला थांबायला सवड नव्हती आणि मलाही त्याला अडवणं बरोबर वाटलं नाही.

आत्याने फोनवर वेगळंच धरलं. “तू तिकडे कर भरतेस ना, मग इकडे दोनदा कशाला? सांग त्यांना.” तिला प्रेमाने समजावलं की घर ज्या मातीत उभं आहे तिथल्या सरकारला त्याच्या नफ्यावर कर घ्यायचा हक्क असतो आणि दोन देशांच्या करारातही तो भारताला दिलेला आहे. माझी तक्रार भारतात कर भरण्याबद्दल नाही. तेरा वर्षांची महागाई दादाच्या वाट्याला लागते आणि माझ्या वाट्याला लागत नाही, याबद्दल आहे.

माझ्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त करसल्लागार बाई राहतात. कॉफी पिताना त्यांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, मुदतीचे खेळ आमच्याकडेही झालेत. जर्मनीत भाड्याने दिलेलं घर विकायला पूर्वी दोन वर्षांची मुदत होती, 1999 मध्ये ती दहा केली. ज्यांची दोन वर्षं आधीच भरली होती, तेही पुन्हा करात ओढले गेले. 2010 मध्ये घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की कायदा जाहीर होण्याआधी ज्यांची जुनी मुदत संपली होती, त्यांच्या तोवरच्या वाढीवर कर लावता येणार नाही. अकरा वर्षं लागली, पण तत्त्व ठरलं: थांबून मिळवलेली गोष्ट मागून काढून घ्यायची नाही. आपल्याकडे 2024 मध्ये निवासींसाठी हेच तत्त्व पाळलं गेलं, आणि दोन आठवड्यांच्या आसपास पाळलं गेलं. ही गोष्ट मी इथे अभिमानाने सांगते. तीच माया आम्हाला दाखवायला काय हरकत होती, हे मला कळत नाही.

दहा वर्षांच्या त्या मुदतीला इथे सगळे जपतात. आमच्या मराठी मंडळातल्या एकाचा भाड्याने दिलेला फ्लॅट नऊ वर्षं अकरा महिन्यांचा होता आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं. नफा 1 लाख 20 हजार युरो. दहा वर्षांच्या आत विकला तर तो पगारात मिळवून त्यावर त्याच्या 42 टक्क्यांच्या दराने साधारण 50 हजार युरो गेले असते, दहा वर्षांनंतर शून्य. बाईंनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. मोजायचं ते नोटरीपुढच्या खरेदीच्या सहीपासून नोटरीपुढच्या विक्रीच्या सहीपर्यंत, किल्ल्या कधी दिल्या याच्याशी संबंध नाही. आणि आधी बांधून घेणारा करार करून ठेवू नकोस, नाहीतर तोच दिवस धरतील. तो पाच आठवडे थांबला. गिऱ्हाईकही थांबलं. पण पन्नास हजार आणि शून्य यांच्यात एका सहीचं अंतर असावं, हे मला काही बरोबर वाटत नाही. माणसं घर गरजेने विकत नाहीत मग, तारखेने विकतात. आपल्याकडे 24 महिन्यांनंतर कर कमी होतो, संपत नाही, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

तारीख कुठून धरायची हा प्रश्न आपल्याकडे मात्र अजून टोचतो. मामेभावाने या सगळ्यावर उत्तर दिलं ते असं: “शेअरचं जाऊ दे. माझा बांधकाम चालू असलेला फ्लॅट आहे. वाटपपत्र फेब्रुवारी 2024 चं, करारनामा सप्टेंबर 2024 चा, ताबा अजून नाही. आज विकला तर लाँग टर्म का शॉर्ट?”

वाटपपत्रापासून मोजलं तर दोन वर्षं उलटली, करारनाम्यापासून मोजलं तर दीडच. शॉर्ट धरलं तर त्याच्या तीस टक्क्यांच्या दराने कर, लाँग धरलं तर साडेबाराने. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये वाटपपत्राची तारीख धरली, आणि नाशिक त्याच न्यायालयाच्या हद्दीत येतं. पण त्या पत्रावर फ्लॅटचा नंबर, किंमत आणि हप्ते स्पष्ट हवेत, आणि पैसे त्याच हिशेबाने दिलेले दिसायला हवेत. नुसती बुकिंगची पावती असेल तर अधिकारी करारनाम्याची तारीख धरेल आणि भांडण अपिलात जाईल. त्याचा सीए म्हणतो लाँग भरू. दादा म्हणतो सप्टेंबर उलटू दे, मग विक. मी त्याला वाटपपत्राचा फोटो पाठवायला सांगितलाय, अजून आलेला नाही.